आंब्याच्या हंगामात बँकेने खातं गोठवलं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकण किनाऱ्यावरच्या एका शाखेत मी बरीच वर्षं काउंटरवर आणि नंतर अधिकारी म्हणून काढली. निवृत्त झालो तरी एप्रिल उजाडला की लोक घरी येतात. पूर्वी कर्जाचे फॉर्म भरून घ्यायला यायचे, आता मोबाईल पुढे करतात: "काका, पैसे जात नाहीयेत." व्हॉट्सअ‍ॅपवर आंब्याच्या पेट्या विकणारे बागायतदार असतात, होमस्टे चालवणाऱ्या वहिनी असतात. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे लिहितो आहे. खातं गोठण्याची कारणं बरीच आहेत. मी मुख्यतः एकाबद्दल लिहिणार आहे, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त माणसं त्याच कारणाने अडकतात: अनोळखी ग्राहकाने यूपीआयने पाठवलेले पैसे पुढे चोरीचे निघणं.

खातं गोठवलं म्हणजे नेमकं काय होतं?

लोक सगळ्यालाच "खातं बंद केलं" म्हणतात, पण यात तीन वेगवेगळे प्रकार आहेत आणि आपल्यावर कोणता लागला हे आधी कळायला हवं.

पहिला प्रकार लीन, म्हणजे ठरावीक रकमेवर रोख. खात्यात 50,000 असतील आणि लीन 8,000 चा असेल, तर उरलेले 42,000 तुम्ही वापरू शकता. दुसरा डेबिट फ्रीज. यात पैसे जमा होतात, पण बाहेर एक रुपयाही जात नाही. यूपीआय, एटीएम, चेक, कर्जाचा हप्ता, सगळं अडतं. तिसरा पूर्ण फ्रीज, म्हणजे जमाही नाही आणि खर्चही नाही.

मोबाईल बँकिंगमध्ये एकूण शिल्लक आणि वापरण्याजोगी शिल्लक वेगवेगळी दिसत असेल आणि छोटा व्यवहार होत असेल, तर बहुधा लीन आहे. शंभर रुपयेसुद्धा जात नसतील, पण ग्राहकाने पाठवलेले पैसे जमा होत असतील, तर डेबिट फ्रीज समजा. खात्री मात्र शाखेतूनच करून घ्यायची.

मी प्रामाणिकपणे आंबे विकले. मग माझंच खातं का?

एक उदाहरण सविस्तर सांगतो.

देवगड तालुक्यातल्या एका ताईंची साठ-सत्तर कलमं आहेत. 24 एप्रिलला त्यांना पुण्याहून फोन आला, पाच डझनाच्या चार पेट्या हव्या होत्या. 4,600 रुपये पेटी ठरली आणि 18,400 रुपये यूपीआयने आले. त्याच संध्याकाळी पेट्या खासगी बसने पुण्याला गेल्या आणि माल पोहोचल्याचा निरोपही आला. 3 मेला झाडावर चढणाऱ्या गड्यांची मजुरी द्यायला गेल्या, तर पैसे जाईनात. खात्यात 2,31,760 रुपये होते. माझ्या पडवीत बसून त्या एवढंच विचारत होत्या, "पैशे खंय गेले माझे?"

पैसे कुठेच गेले नव्हते. झालं असं होतं की दुसऱ्या राज्यातल्या एका माणसाला घरबसल्या नोकरीच्या नावाखाली कुणीतरी लुबाडलं. त्याने 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली. अशी तक्रार नोंदली की ती केंद्रीय गृह मंत्रालयाच्या यंत्रणेतून संबंधित बँकांकडे जाते. पैसे ज्या खात्यात गेले ती बँक, तिथून पुढे ज्या खात्यांत सरकले त्या बँका, अशी साखळी शोधली जाते आणि वाटेतल्या प्रत्येक खात्यावर रोख लागते. पैसे गायब व्हायच्या आत अडवता यावेत म्हणून हे सगळं घाईने करावं लागतं. तो घाईचा उद्देश योग्यच आहे.

पुण्याच्या ग्राहकाने आपलं खातं कमिशनवर दुसऱ्याला वापरायला दिलं होतं. त्यात आलेल्या पैशातून त्याने घरी आंबे मागवले. साखळीत त्याच्या पुढचं खातं ताईंचं होतं. यंत्रणेला दिसतं ते एवढंच: चोरीचे पैसे या खात्यातून त्या खात्यात गेले. त्याच्या बदल्यात वीस डझन हापूस पुण्याला रवाना झाला, हे कुठल्याच पडद्यावर दिसत नाही. ते तुम्हाला कागदाने दाखवावं लागतं. खातं सोडवणं म्हणजे मुख्यतः हेच काम.

पोलिसांत तक्रार नसतानाही बँक स्वतःहून खातं गोठवते का?

हो. आणि आपल्या हंगामाचं गणित बँकेच्या संगणकाला संशयास्पद दिसतं, हे बागायतदारांनी नीट समजून घ्यावं.

गुन्ह्याचे पैसे फिरवायला वापरलेलं खातं कसं दिसतं? महिनोन्‌महिने त्यात फारशी उलाढाल नसते. मग अचानक देशभरातल्या अनोळखी माणसांकडून रोज दहा-वीस रकमा येऊ लागतात. आलेले पैसे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बाहेर जातात. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा सामसूम. आता हापूस विकणाऱ्या घराचं खातं बघा. जून ते मार्च महिन्याला तीन-चार व्यवहार. एप्रिल-मेमध्ये मुंबई, पुणे, नाशिक, बंगळूरहून पैसे येतात आणि लगेच पेटारे, पेंढा, मजुरी, गाडीभाडं यांत निघून जातात. पाऊस लागला की पुन्हा शांत. दोन्हींचा आकार अगदी सारखा.

त्यात खातं उघडताना व्यवसायाच्या रकान्यात "गृहिणी" आणि वार्षिक उत्पन्न "एक लाखापर्यंत" लिहिलेलं असतं. वीस वर्षांपूर्वी कारकुनाने भरलं, कुणी बदललं नाही. हंगामात पाच-सहा लाखांची उलाढाल झाली की बँकेची देखरेख यंत्रणा खातं बाजूला काढते.

इथे काम तुलनेने सोपं असतं. शाखेत जाऊन केवायसी नव्याने करा, व्यवसाय आणि उत्पन्न दुरुस्त करून घ्या आणि पैसे कशाचे आहेत हे एका पानावर लिहून द्या. सोबत सात-बारा, पावती पुस्तक आणि मोठ्या पाच-सहा रकमांच्या ऑर्डरचे पुरावे जोडा. पुष्कळदा शाखेच्या अर्जावरच फ्रीज निघतो.

खातं नुसतं निष्क्रिय झालं असेल तर?

दोन वर्षं तुम्ही स्वतःहून काहीच व्यवहार केला नसेल, तर खातं निष्क्रिय होतं. मुंबईला राहणाऱ्या चाकरमान्यांच्या गावच्या खात्यांचं हे नेहमीचं दुखणं. केवायसी करून ते सुरू होतं. त्याचा पोलिसांशी काही संबंध नाही.

पहिल्या दिवशी शाखेत काय विचारायचं?

पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: रोख कुणाच्या सांगण्यावरून लागली, बँकेच्या की पोलिसांच्या? याच्या उत्तरावर पुढची सगळी वाट ठरते. बँकेने लावलेली रोख बँकच काढते. पोलिसांच्या सांगण्यावरून लागलेली रोख शाखा व्यवस्थापकाच्या मनात असलं तरी त्याला काढता येत नाही. त्याच्याशी भांडून उपयोग नसतो.

पोलिसांची असेल तर तक्रारीचा पोचक्रमांक, कोणत्या राज्यातलं कोणतं पोलीस ठाणं, तपास अधिकाऱ्याचा सरकारी ईमेल, वादातली रक्कम किती आणि ती कोणत्या व्यवहारातून आली, एवढं लेखी मागा. तोंडी विचारलं तर "वरून आलंय" एवढंच उत्तर मिळतं. साधा अर्ज लिहा, दोन प्रती काढा आणि एका प्रतीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि सही घ्या. ती प्रत शेवटपर्यंत कामाला येते.

त्या अर्जात आणखी एक वाक्य लिहा: "मिळालेली सूचना संपूर्ण खाते गोठवण्याची आहे की ठरावीक रकमेपुरती, हे कृपया कळवावे." ताईंच्या बाबतीत सूचना 18,400 रुपयांपुरतीच होती. शाखेने सावधगिरी म्हणून पूर्ण डेबिट फ्रीज लावला होता. हे वाक्य लिहिलं नसतं तर ते कळलंच नसतं.

बँक कारणच सांगत नाही. असं करता येतं का?

काही बाबतीत येतं. बँकेला एखादा व्यवहार संशयास्पद वाटला, तर तिला त्याचा अहवाल केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला द्यावा लागतो, आणि असा अहवाल दिल्याचं ग्राहकाला सांगायला कायद्याने मनाई आहे. म्हणून कर्मचारी कधी कधी नजर चुकवतो. तो उद्धट आहे असं समजू नका, त्याचे हात बांधलेले असतात. पण सायबर तक्रारीवरून लागलेल्या रोखेचा पोचक्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव यात गुप्त काही नाही. ते मिळायलाच हवं.

पोलीस परराज्यातले आहेत. तिथवर जावं लागेल का?

सुरुवातीलाच गाडी पकडू नका. आधी ईमेल करा, हिंदीत किंवा इंग्रजीत. मराठी पत्र तिथे बाजूला पडतं.

आम्ही 6 मेला ताईंच्या वतीने पाठवलेलं पत्र एका पानाचं होतं. वर पोचक्रमांक आणि खाते क्रमांक. मग तीन परिच्छेद: मी कोण आणि काय विकते, 24 एप्रिलचे 18,400 रुपये कशाचे, आणि मागणी काय. मागण्या दोन होत्या. रोख वादातल्या रकमेपुरती मर्यादित असल्याचं बँकेला कळवावं, आणि पुरावे तपासून उरलेली रोखही काढावी. रडगाणं नाही, कुणावर आरोप नाही. रोज शंभर पत्रं वाचणाऱ्या माणसाला दोन मिनिटांत समजेल असंच पत्र उपयोगी पडतं.

पत्राची प्रत बँकेच्या शाखेला आणि तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही पाठवली. आठवडाभराने पोलीस ठाण्यात फोन करून पत्र मिळाल्याची खात्री केली. पोलिसांनी उलट काही प्रश्न विचारले, तर टाळाटाळ न करता उत्तर द्यायचं. गप्प बसलेल्या खातेदारावरचा संशय वाढतच जातो.

कोणते पुरावे खरे उपयोगी पडतात?

माल किंवा सेवा खरोखर दिली, हे दाखवणारे. ताईंनी पाच गोष्टी जोडल्या होत्या. ग्राहकाशी झालेलं व्हॉट्सअ‍ॅपवरचं पूर्ण बोलणं, ज्यात दर, पत्ता आणि पैसे पाठवल्याचा फोटो होता. त्या यूपीआय व्यवहाराचा 12 आकडी क्रमांक. खासगी बसची बिल्टी, जिच्यावर तारीख, चार नग आणि घेणाऱ्याचा मोबाईल नंबर होता. आंबा कलमांची नोंद असलेला सात-बारा. आणि मागच्या हंगामाचं बँक स्टेटमेंट.

यात सगळ्यात वजन पडलं ते बिल्टीचं. ती तिसऱ्या माणसाने त्याच दिवशी लिहिलेली होती. घामाने भिजलेली, कार्बनची, अर्धवट पुसट झालेली ती चिठ्ठी ताईंनी पेटाऱ्यांच्या हिशोबाच्या वहीत घडी घालून ठेवली होती. ती नसती तर उरलेल्या कागदांवर शंका घ्यायला जागा होती. व्हॉट्सअ‍ॅपचं संभाषण स्क्रीनशॉटच्या तुकड्यांत देऊ नका. पूर्ण निर्यात करा आणि मूळ फोनमधून काही पुसू नका.

होमस्टेवाल्यांसाठी बिल्टीची जागा पाहुण्यांची नोंदवही घेते. त्यात तारीख, सही आणि ओळखपत्राची प्रत हवी. नोंदवही न ठेवणाऱ्यांकडे दाखवायला काहीच उरत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

अठरा हजारांसाठी दोन-अडीच लाख अडकवून ठेवता येतात का?

माझ्या मते हे चूक आहे आणि न्यायालयांनीही तसं म्हटलं आहे. केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये अशा यूपीआय प्रकरणांत बँकांना सांगितलं की पोलिसांच्या सूचनेत जेवढी रक्कम आहे तेवढ्यापुरतीच रोख ठेवा. हा निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही, पण अर्जात त्याचा उल्लेख केला की बँकेचा विधी विभाग लक्ष देतो.

म्हणून पहिली मागणी नेहमी हीच ठेवा: फ्रीज काढून वादातल्या रकमेवर लीन लावा. ही मागणी मान्य करणं बँकेलाही सोपं जातं, कारण वादातले पैसे सुरक्षित राहतात. ताईंच्या खात्यात 19 मेला हा बदल झाला. 18,400 अडकून राहिले आणि 2,13,360 रुपये मोकळे झाले. मजुरी त्याच दुपारी गेली.

उरलेली रक्कम कधी सुटते?

याचं ठरावीक उत्तर देणारा माणूस खोटं बोलतो आहे असं समजा. ताईंचा लीन सप्टेंबरात, गणपती होऊन गेल्यावर निघाला. काहींचा वर्षभर राहिला आहे.

एक कटू गोष्टही सांगायला हवी. ते पैसे ज्याचे चोरीला गेले, त्याचाही त्यांवर दावा असतो. तुम्ही माल दिला आहे हे सिद्ध झालं तर तुमची बाजू भक्कम होते, पण रक्कम शेवटी कुणाला द्यायची यावर वाद राहिला तर ते न्यायालय ठरवतं. "तक्रारदाराला परस्पर पैसे पाठवा, तो तक्रार मागे घेईल" असं कुणी सुचवलं तर लेखी आणि बँकेमार्फतच, नाहीतर मुळीच नाही.

पोलीस उत्तरच देत नाहीत. मग?

मग न्यायालय. अशी रोख साधारणपणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 106 खाली लावली जाते. ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. त्याच कलमात पोलिसांनी जप्तीची माहिती न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायची असते. तशी कळवली का, हे वकिलामार्फत विचारता येतं. मालमत्ता परत मिळण्यासाठीचा अर्ज कलम 503 खाली होतो. अडचण अशी की तो जिथे तपास चालू आहे तिथल्या न्यायालयात करावा लागतो.

दुसरा मार्ग उच्च न्यायालयात रिट याचिकेचा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या लोकांना यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि हे दोन्ही जिल्हे त्याच्याकडे आहेत. अठरा हजारांच्या लीनसाठी हा खर्च परवडत नाही, हेही सांगतो. लाखो रुपये अडकले असतील तरच त्या वाटेला जा.

वकिलाची फी जड जात असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रियांना तिथे उत्पन्न कितीही असलं तरी मोफत मदत मिळू शकते.

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करू का?

बँकेने स्वतः लावलेल्या रोखेबद्दल जरूर करा. आधी बँकेला लेखी तक्रार द्यायची. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर तक्रार नोंदवता येते. फी नाही. पण पोलिसांच्या आदेशावरून लागलेल्या रोखेची तक्रार लोकपाल घेत नाही, नियमातच तसं आहे. लोक तिथे दोन-दोन महिने वाया घालवतात, म्हणून सुरुवातीला म्हटलं की रोख कुणाची हे आधी बघा.

या काळात पेन्शन, पीएम किसान आणि कर्जाचे हप्ते यांचं काय?

डेबिट फ्रीज असेल तर पेन्शन आणि अनुदान जमा होतच राहतं आणि आत अडकतं. दुसऱ्या बँकेत खातं असेल तर आधारशी जोडलेलं अनुदान तिकडे वळवून घ्या आणि पेन्शनसाठी पेन्शन देणाऱ्या कार्यालयाला कळवा. हप्ता या खात्यातून जात असेल तर कर्ज देणाऱ्याला हप्त्याच्या तारखेआधी लेखी सांगा आणि रोखीने किंवा दुसऱ्या खात्यातून भरा. फ्रीज होता म्हणून चुकलेल्या हप्त्याचा दंड कुणी आपणहून माफ करत नाही.

पाहुण्याने चुकून जास्त पैसे पाठवले आणि परत मागतोय. देऊ का?

तारकर्ली, हर्णै, गुहागर, सगळीकडून हा प्रश्न येतो. दोन दिवसांच्या खोलीचे 4,000 ठरलेले असतात आणि माणूस म्हणतो, "चुकून 24,000 गेले, वरचे 20,000 या नंबरवर पाठवा."

आधी पैसे खरोखर जमा झाले का ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये बघा. बऱ्याचदा फक्त खोटा मेसेज असतो. जमा झाले असतील तर जास्त जपा. ते चोरीचे असू शकतात, आणि तुम्ही ते तिसऱ्याच नंबरवर पाठवले की साखळी पुढे नेणारे तुम्हीच ठरता. मग 24,000 ची रोख तुमच्या खात्यावर, खिशातून 20,000 गेलेले, आणि पोलिसांना "मी फक्त परत केले" हे पटवत बसायचं. पैशांना हात न लावता शाखेला लेखी कळवा आणि पाहुण्याला सांगा की तुमच्या बँकेमार्फत रक्कम परत मागा. खरा पाहुणा थोडा वैतागेल, पण थांबेल. लबाड माणूस दर पाच मिनिटांनी फोन करत राहतो.

मुलाने मित्राला खातं वापरायला दिलं होतं. आता गोठलंय.

इथे वरचे उपाय लागू पडत नाहीत, कारण दाखवायला माल नाही, बिल्टी नाही. पाच हजारांसाठी पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हातात देणाऱ्या पोरांना आपण गुन्ह्यात सामील झालो हे कळतही नाही. लगेच वकील गाठा आणि कार्ड, सिम कधी, कुणाला, कसं दिलं हे खरं खरं सांगा. जुने मेसेज पुसू नका. मुलाला वाचवण्यासाठी खोटी पावती बनवून देणारे पालक मी पाहिलेत. त्याने एकाच्या जागी दोन माणसं अडकतात.

"फ्रीज काढून देतो" असा फोन आला. खरा असेल?

नाही. ना बँक त्यासाठी पैसे मागते, ना पोलीस. ओटीपी मागितला किंवा अ‍ॅप टाकायला सांगितलं की फोन ठेवा. पोलिसांच्या नोटिशीचा ईमेल आला तर पत्त्याच्या शेवटी `gov.in` किंवा `nic.in` आहे का बघा, आणि शंका असेल तर ती नोटीस आपल्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यात नेऊन दाखवा.

पुढच्या हंगामात हे टाळता येईल का?

पूर्णपणे नाही. कोण ग्राहक कुठले पैसे पाठवतो हे तुम्हाला कळण्याचा मार्ग नाही. नुकसान मात्र कमी ठेवता येतं. विक्रीसाठी वेगळं चालू खातं उघडा आणि घरखर्चाचं, पेन्शनचं खातं त्यापासून लांब ठेवा. मार्चमध्येच शाखेत जाऊन व्यवसाय "आंबा बागायत व विक्री" असा करून घ्या. पैसे ग्राहकाच्या नावाने न येता तिसऱ्याच नावाने आले, तर पेटी पाठवण्याआधी ते नाव कुणाचं हे विचारा आणि त्याचं उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवरच घ्या. ताई आता हंगामभर खिळ्याला एक पिशवी लावतात आणि प्रत्येक बिल्टीच्या मागे पेनाने व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लिहून तीत टाकतात.